एकतीस भागांत सोळा भाग साखर

गेल्या दिवाळीला माहेरी गेले तेव्हा अण्णांचा खोकला मला फाटकातूनच ऐकू आला. कोरडा, घशात कुसळ अडकल्यासारखा. दोन शब्द बोलायचे, की ठसका. घरात सोयाबीनची मळणी नुकतीच उरकली होती, अंगणात, ओसरीवर, पार चुलीच्या ओट्यावर भुसाची धूळ बसलेली. त्यामुळे कुणालाच काही वेगळं वाटलं नाही. "मळणीचा खोकला हाय, जाईल," असं अण्णाच म्हणाले आणि पुन्हा खोकले.

आमचं गाव अंबाजोगाईपासून जवळ. मी तिथल्याच तालुक्यात शाळेवर विज्ञान शिकवते. घरगुती औषधांची मला आवड आहे, म्हणजे नुसतं ऐकून न घेता स्वतः कुटून, गाळून बघायची आवड. तेव्हा आईने "तुझं ते चूर्ण कर की गं यांच्यासाठी" म्हटल्यावर मी लगेच तयार झाले. पुढे जे झालं त्यात चूक माझी होती, म्हणून सगळं नीट सांगते.

ते चूर्ण म्हणजे सितोपलादी. शार्ङ्गधर संहितेत त्याचा पाठ आहे आणि तो लक्षात ठेवायला इतका सोपा आहे की एकदा ऐकला की विसरत नाही. सगळ्यात कमी दालचिनी, एक भाग. तिच्या दुप्पट वेलदोडा, त्याच्या दुप्पट पिंपळी, तिच्या दुप्पट वंशलोचन आणि त्याच्याही दुप्पट खडीसाखर. एक, दोन, चार, आठ, सोळा. बेरीज एकतीस. मी दहा ग्रॅम दालचिनीवरून हिशेब धरला: वीस ग्रॅम वेलदोड्याचे दाणे, चाळीस ग्रॅम पिंपळी, ऐंशी ग्रॅम वंशलोचन, एकशे साठ ग्रॅम खडीसाखर. एकूण तीनशे दहा.

सामान मंडीबाजारातल्या काष्ठौषधींच्या दुकानातून आणलं. पिंपळी घेताना बारकी, काळसर, लेंडी पिंपळी म्हणतात ती घेतली. एक दाताखाली धरून बघितली, आधी किंचित गोड लागली आणि मग जिभेला झिणझिण्या आल्या. वेलदोडे सोलून फक्त दाणे वापरायचे, सालं चहात. दालचिनी आणि पिंपळी जरा उन्हात तापवली, म्हणजे कुटताना चिवटपणा करत नाहीत. प्रत्येक जिन्नस वेगळा कुटायचा, वेगळा वस्त्रगाळ करायचा आणि मग वजन करून एकत्र करायचा. आधी एकत्र करून मिक्सरला लावलं तर खडीसाखर क्षणात पीठ होते आणि पिंपळीचे तुकडे तसेच राहतात, मग गाळताना जे चाळणीवर उरतं ते नेमकं औषध असतं. जुन्या मऊ धोतराच्या फडक्यातून गाळलं. हाताला लागलं तर टाल्कम पावडरसारखं लागलं पाहिजे. गाळण्यात, सांडण्यात दहाएक ग्रॅम गेलं, तीनशेच्या आसपास काचेच्या बरणीत भरलं. स्वतःवर खूश होते मी.

आता घ्यायचं कसं, हे मी अण्णांना दाखवलं होतं. चहाचा सपाट चमचाभर चूर्ण, साधारण तीन ग्रॅम, वाटीत घ्यायचं. त्यावर एक चमचा मध सोडायचा आणि चमच्याच्या दांड्याने घोटायचं. चूर्ण सगळा मध पिऊन घेतं, थोडं थांबून परत घोटलं की शेंगदाण्याच्या कुटाच्या लाडवासारखा घट्ट गोळा न होता तकतकीत चाटण होतं. ते एकदम गिळायचं नाही. बोटाने थोडं थोडं जिभेवर घेऊन घशाशी विरघळू द्यायचं आणि नंतर पंधरा-वीस मिनिटं पाणी प्यायचं नाही, कारण घशाला जो लेप बसतो तोच खरं काम करतो. मध गरम पाण्यात किंवा उकळत्या दुधात घालायचा नाही, असं आपल्याकडे वैद्य कटाक्षाने सांगतात. कोरडा खोकला असेल तर मधासोबत थोडं तूप, पण मध आणि तूप वजनाने सारखं नको, असाही संकेत आहे. दिवसातून तीन वेळा, बस्स.

अण्णांनी पहिल्याच दिवशी काय करावं? रात्री उशिरा ठसका लागला, मध शोधायचा कंटाळा आला, म्हणून चमचाभर कोरडं चूर्ण तोंडात टाकलं. वस्त्रगाळ चूर्ण ते. श्वास आत घेतला तसं ते घशाऐवजी श्वासनळीच्या तोंडाशी गेलं. आम्ही धावत ओसरीवर आलो तर अण्णा वाकून खोकतायत, डोळ्यांतून पाणी, मिशीवर पांढरी भुकटी. पाच मिनिटांनी श्वास जागेवर आला. चूर्ण जितकं चांगलं गाळलेलं, तितकं ते कोरडं खाणं वाईट, हे मला त्या रात्री कळलं. म्हाताऱ्या माणसांना, ज्यांना गिळताना ठसका लागतो त्यांना आणि लहान पोरांना तर कोरडी चिमूटसुद्धा तोंडात टाकू नये. मध हा चवीसाठी नसतो, भुकटी उडू नये म्हणूनही असतो.

सुट्टी संपली, मी परत आले. अकराव्या दिवशी आईचा फोन. "डबा संपला बग. अजून कर. बरं वाटतंय त्यांना त्यानं."

मी हो म्हटलं आणि फोन ठेवल्यावर मनात हिशेब सुरू झाला. तीनशे ग्रॅम, दिवसाला नऊ ग्रॅम. महिनाभर पुरायला हवं होतं. अकरा दिवसांत संपलं म्हणजे रोजचे सत्तावीस ग्रॅम. परत फोन लावला. "आई, मधाची बाटली कितीशी राहिली?"

"ती बी संपली. आर्ध्या किलोची व्हती न्हवं?"

ठसका आला की अण्णा बरणीकडे जात होते. शीग लावून चमचा, त्यावर मधाची धार. खोकला दिवसातून जितक्या वेळा, तितक्या वेळा चाटण.

अण्णांना साखर आहे. आठ वर्षं झाली, गोळ्या चालू आहेत. चहा बिनसाखरेचा पितात, दिवाळीच्या फराळातला अनारसा त्यांनी माझ्यासमोर बाजूला सरकवला होता. आणि मीच त्यांना अर्ध्याहून जास्त साखर असलेलं चूर्ण करून दिलं होतं, वर मध. सितोपला म्हणजे खडीसाखर. औषधाच्या नावात पहिलं तेच येतं. कुटताना एकशे साठ ग्रॅम माझ्या हातांनी तोलले, पण ती खडीसाखर आहे, औषधातली आहे, म्हणून डोक्यात ती साखर म्हणून नोंदलीच गेली नाही.

कागदावर मांडून बघितलं. सत्तावीस ग्रॅम चूर्णात चौदा ग्रॅम साखर. अर्धा किलो मध अकरा दिवसांत म्हणजे रोज पंचेचाळीस ग्रॅम, मधात साधारण ऐंशी टक्के साखरच असते, म्हणजे छत्तीस ग्रॅम. पन्नास ग्रॅम झाले. बरोबर तीन ग्रॅमच्या तीन मात्रा घेतल्या असत्या तरी मधासकट वीसेक ग्रॅम पोटात गेली असती. मध नैसर्गिक आहे म्हणून साखरवाल्यांना चालतो, हे आमच्या स्टाफरूममध्येही दोघं-तिघं छातीठोकपणे सांगतात. रक्ताला मात्र तो कुठून आला हे कळत नाही.

बरणीसोबत आणलेल्या वंशलोचनाचा एक खडा माझ्या पर्समध्ये राहिला होता. खरं वंशलोचन बांबूच्या पेरात साठून घट्ट झालेलं असतं, मुख्यतः सिलिका, म्हणजे वाळूचाच नातलग. किंचित निळसर, जिभेला लावलं की चिकटतं, पाण्यात टाकलं की बुडबुडे सोडत हळूहळू काचेसारखं पारदर्शक होत जातं. माझा खडा पाण्यात टाकला तर तो पारदर्शक व्हायच्या ऐवजी फुटून पाणी दुधाळ झालं. सातवीच्या वर्गाला स्टार्चची परीक्षा दाखवायला आयोडीन ठेवलेलं असतंच. एक थेंब टाकला. खडा निळा, मग काळा. म्हणजे तवकीर, कंदापासून काढलेलं पिष्ट. दुकानदाराने वंशलोचन म्हणून मला तवकीर दिली होती, आणि भाव ऐकून मला वाटलं होतं, वा, स्वस्त मिळालं. म्हणजे रोजच्या सत्तावीस ग्रॅममध्ये आणखी सात ग्रॅम पिष्ट. बेरीज सत्तावन्न. चहाचे अकरा चमचे साखर आणि पिष्ट माझे वडील औषध म्हणून चाटत होते.

हे सगळं घेऊन मी आमच्या वैद्यकाकांकडे गेले. वय झालंय त्यांचं, दवाखाना आता दोनच तास उघडतात. काळा पडलेला खडा बघून हसले. "वंशलोचन मिळत नाही म्हणून तवकीर घालणारे पुष्कळ आहेत, बाई. पण मग तसं सांगावं. आणि त्यातही ज्याला साखर आहे त्याला नको." मग हसू गेलं. "अण्णाला साखर आहे हे तुला ठाऊक होतं. मला विचारलं असतंस तर मी दिलं नसतं. आणि किती दिवस झाले म्हणालीस खोकल्याला?"

मी बोटं मोजली. दिवाळीच्या आधी पंधरा दिवस आणि नंतरचे. महिना होत आला होता.

"मग चूर्णाचं जाऊ दे. आधी थुंकी तपासा. दोन आठवड्यांपेक्षा जास्त खोकला म्हटलं की क्षयाची तपासणी करायचीच, त्याला पर्याय नाही. सितोपलादी घशाला गार करतं, खोकला दाबतं, माणसाला वाटतं उतार पडतोय. तेवढ्यात आतला आजार महिना-दोन महिने पुढे सरकतो." सरकारी दवाखान्यात ती तपासणी फुकट होते, एवढं सांगून त्यांनी मला उठवलंच.

रविवारी अण्णांना घेऊन गेले. म्हणजे आधी भांडण झालं. "खोकल्यासाठी कुणी दवाखान्यात जातंय का," वगैरे. सोमवारी थुंकीचा नमुना दिला, छातीचा फोटो काढला, रक्त दिलं. थुंकी निर्मळ निघाली, फोटोही साफ. उपाशीपोटीची साखर मात्र १९८. गणपतीत तीच १३४ होती, कागद आईने पिशवीत जपून ठेवला होता. आणि ब्लड प्रेशर १५६ आणि ९६.

डॉक्टर तरुण बाई होत्या. त्यांनी खोकल्याबद्दल फार विचारलं नाही, गोळ्यांची पिशवी ओतायला सांगितली. एक पाकीट उचललं. "ही कधीपासून?"

"श्रावण सरता सरता. बीपी निघाला तवापासून," आई म्हणाली.

"आणि खोकला?"

आईने माझ्याकडे बघितलं. गोळी सुरू झाल्यानंतर महिना-दीड महिन्याने.

ब्लड प्रेशरच्या गोळ्यांचा एक गट आहे, ज्यांच्या औषधी नावाच्या शेवटी 'प्रिल' येतं, एनालाप्रिल, रॅमिप्रिल वगैरे. चांगली औषधं आहेत, लाखो लोक घेतात. पण घेणाऱ्यांपैकी काहींना त्याने कोरडा, गुदगुल्या करणारा खोकला सुरू होतो. शरीरात एक पदार्थ जो एरवी मोडला जातो तो या गोळीमुळे साचतो आणि श्वासनळीला चिडवत राहतो. गोळी सुरू केल्यावर लगेच होईल असं नाही, आठवडे, कधी महिने जातात, म्हणून माणूस दोन्हीची सांगड घालत नाही. ताप नसतो, कफ नसतो, नुसता ठसका, आडवं झालं की जास्त. आम्ही मळणीच्या धुळीला दोष दिला. ज्याने गोळी लिहून दिली होती त्या दवाखान्यात "खोकला आला तर सांगा" एवढं एक वाक्य बोललं गेलं असतं तर माझी बरणी भरलीच नसती.

त्यांनी गोळी बदलून दुसऱ्या गटातली दिली आणि बजावलं की गोळी आपल्या मनाने बंद करायची नसते, बदलून घ्यायची असते. "खोकला लगेच जाणार नाही. एक ते चार आठवडे लागतात, काहींना त्याहून जास्त. धीर धरा." मग प्रेशर वाढलेलं का, म्हणून विचारत गेल्या. मीठ? नाही. गोळी चुकवली? नाही. अजून घरचं काही औषध?

आई हळूच म्हणाली, "ज्येष्ठमधाची कांडी देत व्हते तोंडात धरायला. दिवसभर असती."

हे मलाही माहीत नव्हतं. ज्येष्ठमध गोड असतं पण ती गोडी मुख्यतः साखरेची नसते, म्हणून आईने उलट विचार केला होता की हे साखरवाल्याला बरं. पण ज्येष्ठमधातल्या गोड द्रव्याने शरीर मीठ-पाणी धरून ठेवतं आणि पोटॅशियम बाहेर टाकतं. दोन दिवस घशासाठी कांडी चघळली तर निरोगी माणसाला काही होत नाही. रोज, दिवसभर, आठवडेच्या आठवडे, आणि तेही ज्याला प्रेशर आहे किंवा जो लघवी वाढवणारी गोळी घेतो, त्याला मात्र नको. पोटॅशियम फार उतरलं तर हातापायात गळून गेल्यासारखं होतं, हृदयाचे ठोकेही बिघडतात. बाजारातल्या पुष्कळ खोकल्याच्या चूर्णांत आणि गोळ्यांत ज्येष्ठमध असतं, म्हणून आता मी डबीच्या मागची बारीक अक्षरं वाचते.

पिंपळीचंही त्यांनी विचारलं. मिरी, पिंपळी यांतल्या तिखट द्रव्यामुळे काही औषधं शरीरात नेहमीपेक्षा जास्त शोषली जातात, उशिरा मोडतात. जेवणातल्या मिरीने कुणाला काही होत नाही. पण फिटची, दम्याची गोळी ज्यांची अगदी मोजून चालू असते त्यांनी पिंपळीचं चूर्ण रोज घ्यायच्या आधी डॉक्टरांना सांगावं, दडवू नये. अण्णांच्या गोळ्यांत तशी कुठली नव्हती.

घरी परत आलो तर तिथं दुसरंच चालू होतं. भावाचा मुलगा सात महिन्यांचा, त्याला सर्दी झाली होती, नाक वाहत होतं. शेजारच्या काकू आल्या होत्या आणि वाटीत पिंपळीची एक उगाळ आणि बोटभर मध तयार होता. वहिनी बाळाला मांडीवर घेऊन बसलेली, काकूंचं बोट वाटीत.

मी पायातली चप्पल न काढता आत गेले आणि वाटी उचलली. काकू दुखावल्या. आईसुद्धा. "कामून गं? तुला बी चाटवलंय की मी, सोन्याची अंगठी बुडवून. मेलीस का?"

नाही मेले. बहुतेक मुलं मरत नाहीत, म्हणून तर ही चाल टिकली. पण एक वर्षाच्या आतल्या बाळाला मध द्यायचा नाही, थेंबभरसुद्धा नाही, बोट बुडवूनही नाही. मधात कधी कधी एका जंतूची बीजं असतात. मोठ्या माणसाच्या आतड्यात ती रुजत नाहीत, आत आधीच दुसऱ्या जंतूंची दाटी असते. तान्ह्या बाळाचं आतडं अजून मोकळं असतं, तिथं ती रुजतात आणि विष सोडतात. त्या विषाने स्नायू ढिले पडतात. पहिल्यांदा शी होईनाशी होते, मग अंगावर ओढणं मंद होतं, रडणं क्षीण होतं, पापण्या जड, मान पडलेली, शेवटी श्वासाचे स्नायूही थकतात. "आमच्या शेतातल्या आग्या मोहाचा मध हाय, भेसळ न्हाई," काकू म्हणाल्या. भेसळीचा इथं संबंधच नाही, शुद्ध मधातही ती बीजं असू शकतात. आणि मध उकळला तरी ती मरत नाहीत.

वहिनीने विचारलं, "मग ताई, याला द्यायचं काय?" बाळ अंगावर पीत होतं, हसत होतं. मी तिला त्याचा सदरा वर करून श्वास मोजायला शिकवलं. झोपेत किंवा शांत असताना, घड्याळाचा पूर्ण एक मिनिट. सात महिन्यांच्या बाळाचे श्वास मिनिटाला पन्नास किंवा जास्त झाले, किंवा श्वास घेताना बरगड्यांखाली खड्डा पडायला लागला, तर रात्र असली तरी निघायचं. आमच्या बाळाचे अडतीस भरले. नाकात मिठाच्या पाण्याचे थेंब आणि अंगावरचं दूध, एवढ्यावर त्याची सर्दी चार दिवसांत गेली. ती वाटी आईने काकूंसमोरच स्वतः चाटून टाकली, म्हणाली वाया कशाला घालवायची. तेवढ्यानं काकूंचा राग उतरला.

अण्णांचा खोकला गोळी बदलल्यावर दहा-बारा दिवस तसाच होता. त्या दिवसांत ते मला रोज फोनवर ऐकवत, तुझ्या चूर्णानंच बरं होतं, डॉक्टरनं बंद केलं. मधाला काहीच गुण नव्हता असं नाही, घसा ओला राहायचा, तेवढी पाच-दहा मिनिटं ठसका थांबायचा. पण त्यांच्या खोकल्याचं मूळ गोळीत होतं, आणि जोवर रोज सकाळी ती गोळी पोटात जात होती तोवर बरणीतलं चाटण पुरणार कसं? कोमट पाण्याचे घोट आणि लवंग तोंडात, इतकंच त्यांना दिलं. तिसऱ्या आठवड्यात आई म्हणाली, रात्री झोपले बग, उठले न्हाईत. मग खोकल्याचा विषयच बंद झाला. साखर महिन्याभराने १४१ वर आली.

जानेवारीत माझाच नंबर लागला. शाळेत स्नेहसंमेलनाची तयारी, दोनशे पोरं एका पत्र्याच्या शेडमध्ये, मला सर्दी-ताप येऊन गेला आणि मागे खोकला राहिला. कफ सुटत होता, पिवळा नव्हता, दम लागत नव्हता. मला साखर नाही, प्रेशर नाही, कुठली गोळी चालू नाही. वैद्यकाकांना फोन करून हे सगळं सांगितलं, या वेळी आधी. ते म्हणाले, घे, पाच-सात दिवस, नाही उतरला तर ये.

वंशलोचन त्यांच्याच ओळखीच्या दुकानातून आणलं, थोडंच, वीस ग्रॅम. पैसे देताना हात जड झाला. घरी येऊन खडा पाण्यात टाकला, बारीक बुडबुडे सुटले, कडा आधी पारदर्शक झाल्या. आयोडीनचा थेंब तपकिरीच राहिला. अडीच ग्रॅम दालचिनीवरून पाठ धरला आणि पाऊणशे ग्रॅमच चूर्ण केलं, कारण दमट हवेत खडीसाखरेमुळे त्याचे खडे होतात आणि मग वासही जातो. सपाट चमचा, मध, वाटीत घोटून, सकाळ-दुपार-रात्र. झोपताना घेतलेली मात्रा सगळ्यात लागू पडायची, पहाटेपर्यंत उबळ यायची नाही. सहाव्या दिवशी रात्रीचं घ्यायचं विसरले आणि सकाळी लक्षात आलं की खोकलेच नाही.

बरणीवर मी तारीख लिहिलेली चिठ्ठी लावली आहे. आईने गेल्या महिन्यात ती बघितली, चष्मा लावून, आणि खाली आपल्या अक्षरात एक ओळ वाढवली: अण्णाला नको.